नवजात बाळाची ऊब कशी टिकवावी: तपकिरी चरबीचा हिशेब समजून घेऊन

२३ अंश सेल्सिअसच्या खोलीत मोठ्या माणसाला छान वाटतं. त्याच खोलीत उघडं ठेवलेलं नवजात बाळ ज्या वेगाने उष्णता गमावतं, त्या वेगाने गमवायची तर मोठ्या माणसाला उघड्या अंगाने शून्य अंशात उभं राहावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या नवजात बाळांविषयीच्या मार्गदर्शनात ही तुलना दिलेली आहे. त्यात अडचण अशी, की बाळ कुडकुडत नाही. दातखिळी बसणं, हुडहुडी भरणं, पांघरूण ओढून घेणं यांतलं काहीच त्याला जमत नाही, त्यामुळे ते गारठलंय हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. बऱ्याचदा ते फक्त गप्प होतं आणि घरच्यांना वाटतं, बाळ शांत झोपलंय.

कुडकुडण्याऐवजी नवजात बाळाकडे उष्णता तयार करायची दुसरी सोय असते, ती म्हणजे तपकिरी चरबी. ती चांगलं काम करते, पण तिचा साठा मोजका असतो आणि ती वापरायला बाळाला साखर आणि ऑक्सिजन खर्ची घालावे लागतात. खाली दिलेल्या प्रत्येक कृतीचा उद्देश एकच आहे: हा खर्च बाळावर पडू न देणं.

बाळाची उष्णता जाते कुठे

उष्णता शरीरात तयार होते आणि त्वचेतून बाहेर जाते, म्हणून वजनाच्या मानाने त्वचा किती हे आधी पाहू. ६० किलोच्या माणसाची त्वचा साधारण १.६५ चौरस मीटर भरते, म्हणजे दर किलोमागे २७५ चौरस सेंटिमीटर. ३ किलोच्या बाळाची त्वचा साधारण ०.२ चौरस मीटर, म्हणजे दर किलोमागे सुमारे ६६७ चौरस सेंटिमीटर. जवळपास अडीच पट. शिवाय त्वचेखालची चरबी पातळ असते, रक्तवाहिन्या वरवर असतात आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं असतं. एकूण त्वचेचा जवळपास पाचवा भाग डोक्यावरच असतो, म्हणून टोपरं ही शोभेची गोष्ट नाही.

उष्णता चार वाटांनी जाते. ओल्या अंगावरचं पाणी उडून जाताना ती घेऊन जातं. गार वजनकाटा, गार पलंग, गार हात यांचा स्पर्श झाला की ती त्यांच्यात जाते. पंखा, एसी किंवा दारातून येणारा वारा ती उडवून नेतो. आणि बाळाच्या अंगाला काहीही न शिवता, नुसत्या जवळच्या थंड भिंतीकडे किंवा खिडकीच्या काचेकडेही ती प्रारणाने जात राहते. खोलीतली हवा उबदार वाटत असूनही खिडकीजवळच्या पाळण्यातलं बाळ गार का पडतं, याचं कारण ही शेवटची वाट असते.

जन्मल्याबरोबर सगळ्यात मोठी वाट असते ती पहिली, ओल्या अंगाची. तिचा हिशेब करून पाहू. १ मिलिलिटर पाणी उडून जायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. बाळाच्या अंगाला, केसांना चिकटलेलं १० मिलिलिटर गर्भजल, म्हणजे दोन चमचे, उडून गेलं तर ५.८ किलोकॅलरी गेल्या. आता ३ किलोच्या बाळाचं तापमान १ अंशाने उतरायला सुमारे २.५ किलोकॅलरी जाव्या लागतात. म्हणजे ही सगळी उष्णता बाळाच्या अंगातून गेली, तर दोन चमचे पाण्यापायी २ अंशांहून जास्त घसरण. थोडी उष्णता आजूबाजूच्या हवेतूनही येते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी-जास्त होतो. पण तुलनेसाठी एवढं ध्यानात घ्या, की हे बाळ स्वस्थ पडलेलं असताना तासाभरात जेमतेम ५ ते ६ किलोकॅलरी उष्णता तयार करतं. तासाभराची कमाई दोन चमचे पाणी घेऊन जातं.

पुसलं नाही, झाकलं नाही, तर जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटांत बाळाच्या त्वचेचं तापमान दर मिनिटाला सुमारे ०.३ अंशाने आणि शरीराच्या आतलं सुमारे ०.१ अंशाने उतरतं. दहा-वीस मिनिटांचा उशीर म्हणजे शरीराच्या आतलं तापमान १ ते २ अंशांनी खाली.

तपकिरी चरबी काय करते

आपल्या पोटावरची नेहमीची चरबी फिकट असते आणि तिचं काम साठवण्याचं. तपकिरी चरबीच्या पेशींत तेलाचे बारीक बारीक थेंब असतात आणि त्यांच्याभोवती मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीत अन्न जाळणाऱ्या बारीक भट्ट्यांची, दाटी असते. मायटोकाँड्रियातल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भरपूर रक्तपुरवठ्यामुळे तिला तपकिरी रंग येतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ही चरबी दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, मानेभोवती, काखेत, छातीत मोठ्या रक्तवाहिन्यांलगत आणि मूत्रपिंडांभोवती असते. जागा नीट पाहिल्या तर लक्षात येतं, की तापलेलं रक्त इथून थेट हृदयाकडे आणि महत्त्वाच्या अवयवांकडे जातं.

पेशीत अन्न जाळलं जातं तेव्हा मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात. ते परत आत येताना एका यंत्रणेतून येतात आणि त्या जोरावर एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं. तपकिरी चरबीत या पडद्यावर यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. ते प्रोटॉनना दुसरी वाट देतं. धरणाचं पाणी टर्बाइनवरून न सोडता सांडव्यावरून सोडावं, तसं. एटीपी तयार होत नाही आणि सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. स्नायू जराही हलत नाहीत, म्हणून याला थरथरीविना उष्णतानिर्मिती म्हणतात.

हे सुरू कसं होतं? बाळाच्या त्वचेला गारवा जाणवला, की मेंदूकडून निघालेल्या मज्जातंतूंची टोकं तपकिरी चरबीत नॉरएड्रेनालीन सोडतात. त्याने चरबीचे थेंब फुटून मेदाम्लं सुटी होतात. तीच जळतात आणि यूसीपी-१ ची वाटही तीच उघडतात. जन्मानंतर लगेच थायरॉईडची संप्रेरकंही झपाट्याने वाढतात आणि या कामाला जोर देतात. पोटात असताना मात्र वारेकडून येणारी काही द्रव्यं ही यंत्रणा दाबून ठेवतात, कारण तिथे तिची गरज नसते. आईच्या उबेत बाळ आईपेक्षा सुमारे अर्धा अंश गरमच असतं. नाळ बांधली की तो दाब सुटतो.

म्हणजे यंत्रणा जन्मानंतर चालू होते, पण सगळ्या बाळांत सारखी नाही. तपकिरी चरबी गर्भात साधारण २६ ते २८ आठवड्यांपासून तयार व्हायला लागते आणि शेवटच्या महिन्यांत वाढते. २९-३० आठवड्यांना जन्मलेल्या बाळाकडे ती फारच थोडी असते, त्वचाही पातळ असल्याने तिच्यातून पाणी जास्त उडतं आणि हातपाय आखडून अंग मुडपून घेण्याइतका जोर स्नायूंत नसतो. पूर्ण दिवसांचं पण कुपोषणामुळे वजन कमी राहिलेलं बाळ असेल तर साठा लवकर संपतो. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला ऑक्सिजनच कमी मिळालेला असतो आणि ऑक्सिजनशिवाय ही चरबी जळत नाही. प्रसूतीआधी आईला डायझेपामसारखी गुंगीची औषधं दिलेली असतील तरी बाळाची ही प्रतिक्रिया मंदावते. अशा बाळांना बाहेरून ऊब देण्याची घाई दुप्पट करायची.

ऊब तयार करण्याची किंमत

तपकिरी चरबी पेटली की बाळाला जास्त ऑक्सिजन लागतो, श्वास जलद होतो. रक्तातली साखरही खर्च होते आणि पहिल्या दिवशी दूध थोडंच मिळत असल्याने ती भरून येत नाही. साखर उतरलेलं, गारठलेलं बाळ ओढून दूध पीत नाही. दूध कमी, म्हणून इंधन कमी, म्हणून आणखी गार. या फेऱ्यात सापडलेलं बाळ तासाभरात निपचित होऊ शकतं. म्हणूनच 'बाळाचं तापमान अजून ३६.५ आहे' एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. तो आकडा टिकवायला ते आतून किती झिजतंय, हे थर्मामीटर सांगत नाही, पाय सांगतात. त्याबद्दल पुढे.

हा खर्च किती जीवघेणा असू शकतो, ते १९५८ साली न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्वरमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं. कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले आणि एका गटाचा इनक्युबेटर दुसऱ्यापेक्षा फक्त ३ अंशांच्या आसपास उबदार ठेवला. उबदार गटात जगलेल्या बाळांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघालं.

जन्माच्या वेळी: पहिली दहा मिनिटं

तयारी प्रसूतीच्या आधीच करायची.

१. खोली २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि भिंतीवर साधा थर्मामीटर लावून खात्री करा. खोलीतल्या मोठ्या माणसांना घाम येईल, त्याला इलाज नाही. पंखा आणि एसी बंद, दारं-खिडक्या बंद. सिझेरियनच्या खोलीत एसी बंद करायला सांगावं लागतं, आणि ते बाळ बाहेर येण्याच्या बरंच आधी सांगावं लागतं.

२. कोरडे, मऊ, सुती कपडे निदान दोन, टोपरं, मोजे आणि लंगोट आधीच गरम करून ठेवा. रुग्णालयात वॉर्मर या वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवतात. ती सोय नसेल तर ते कोणाच्या तरी कपड्यांच्या आत अंगाशी धरून ठेवले तरी चालतात.

३. बाळ आलं की आईच्या पोटावर घ्या आणि पहिल्याच कपड्याने पहिल्या मिनिटाच्या आत पुसा. क्रम असा: डोकं, कानांच्या मागे, मान, काखा, पाठ, जांघा. डोक्यावरचे केस सगळ्यात जास्त पाणी धरतात, ते दाबून टिपा. अंगावरचा पांढरा चिकट थर खरवडून काढायचा नाही.

४. तो ओला कपडा टाकून द्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नीट पुसतात आणि मग त्याच ओल्या कपड्यात बाळ गुंडाळतात. बाहेरून बाळ छान गुंडाळलेलं दिसतं, आतून पाणी उडणं चालूच असतं.

५. बाळ उघडं, आईच्या उघड्या छातीवर पालथं. टोपरं घाला आणि दुसऱ्या कोरड्या कपड्याने दोघांना मिळून झाका. बाळ ठीक रडत, श्वास घेत असेल तर नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधली तरी चालते. तोवरही ते छातीवरच राहतं.

६. निदान तासभर ते तिथेच राहू द्या आणि त्याच तासात अंगावर पाजा. वजन, जीवनसत्त्व के चं इंजेक्शन, पायाचे ठसे हे सगळं तासाभराने झालं तरी काही बिघडत नाही. वजन करताना काट्यावर कोरडं, उबदार कापड टाका आणि काटा त्या कापडासह शून्यावर आणा.

३२ आठवड्यांच्या आतल्या बाळासाठी रुग्णालयात वेगळी पद्धत आहे. त्याचं अंग न पुसता मानेपर्यंत स्वच्छ, अन्नासाठी चालणाऱ्या दर्जाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, फक्त डोकं पुसून टोपरं घालतात आणि वॉर्मरखाली घेतात. पिशवीतली हवा दमट राहते, त्यामुळे पाणी उडत नाही. ही कृती प्रशिक्षित माणसांच्या हाती आणि वॉर्मरसोबतच करायची, घरी कधीही नाही.

वॉर्मरवर काम करणाऱ्या नर्सताईंसाठी एक बारकावा. त्वचेचा सेन्सर खवाट्यांच्या मध्ये किंवा काखेत चिकटवू नये. तिथे तपकिरी चरबी जळत असेल तर जागा गरम लागते, यंत्राला वाटतं बाळ उबदार आहे आणि ते उष्णता कमी करतं. वर पोटावर, यकृताच्या बाजूला सेन्सर लावावा आणि बाळ त्याच्यावर झोपलेलं नाही ना, हे पाहावं.

पहिले दिवस घरी

पहिली अंघोळ निदान २४ तासांनी. आपल्याकडे मालीश आणि गरम पाण्याची अंघोळ हा बाळंतपणातला मानाचा कार्यक्रम असतो आणि मालीशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी बोलावलेलं असतं. त्यांना नम्रपणे दुसऱ्या दिवसानंतर बोलवा. वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर नाळ पडून वजन वाढायला लागेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करणं पुरेसं असतं. पुढेही अंघोळ दुपारी, बंद खोलीत, झटपट. टॉवेल आणि कपडे हाताशी ठेवूनच बाळाचे कपडे काढा.

बाळाला घरातल्या मोठ्यांपेक्षा एक किंवा दोन थर जास्त. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, नागपूर किंवा गडचिरोलीकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. तेव्हा सुती झबलं, त्यावर लोकरी स्वेटर, लंगोट, मोजे, टोपरं आणि दुपटं, शिवाय आईच्या कुशीत. लोकरी कपडा थेट अंगाला लावू नका. ओला लंगोट लगेच बदला, रात्रीही. पाळणा खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवा. दुपटं खूप घट्ट बांधायचं नाही, पाय वाकवून हलवता आले पाहिजेत आणि तोंड-नाक उघडं राहिलं पाहिजे.

आशा ताईंच्या गृहभेटी याच काळात असतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवशीही. प्रत्येक भेटीत बाळाचं तापमान आणि वजन त्यांनी घ्यायचं असतं. ही पद्धत देशभर गेली त्यामागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेलं काम आहे. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकतात आणि त्याने मृत्यू कमी होतात, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं. त्या काळजीत बाळाला ऊब देणं हा एक मुख्य भाग होता. ताई आल्या की तापमान घ्यायला सांगा, संकोच नको.

गारठलंय का, कसं ओळखायचं

आधी हात. तुमचा हात एकमेकांवर चोळून कोमट करा आणि उलट्या तळव्याने, म्हणजे बोटांच्या मागच्या बाजूने, बाळाचं पोट आणि मग पायाचे तळवे स्पर्शून बघा.

पोट उबदार, पाय उबदार आणि गुलाबी: बाळ ठीक.
पोट उबदार, पाय गार: बाळ थंडीशी झगडतंय. त्याने पायांकडचा रक्तप्रवाह आवळून आतली उष्णता राखून ठेवलीय आणि तपकिरी चरबी जळते आहे. थर्मामीटर अजून ३६.५ दाखवू शकतो. नेमक्या या वेळी ऊब दिली तर काम सगळ्यात सोपं असतं.
पोटही गार, पायही गार: साठा अपुरा पडला, शरीर गार व्हायला लागलं आहे.

मानेच्या मागे हात लावून निर्णय घेऊ नका. तिथे खालीच तपकिरी चरबी असल्याने गारठलेल्या बाळातही ती जागा उबदार लागू शकते.

मग थर्मामीटर. डिजिटल घ्या. जुना पाऱ्याचा ३५ च्या खाली वाचतच नाही, त्यामुळे ३३ अंशांचं बाळही त्यावर ३५ दिसतं. काख कोरडी करा, थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलगट मध्यावर ठेवा, दंड अंगाशी दाबून धरा आणि आवाज होईपर्यंत हलू देऊ नका. टोक काखेतून पलीकडे बाहेर आलं असेल तर आकडा खोटा, पुन्हा घ्या.

काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ असावं. ३६.० ते ३६.४ म्हणजे थंडीचा ताण. ३२ ते ३५.९ म्हणजे मध्यम गारठा आणि ३२ च्या खाली गंभीर. घरच्यांसाठी एक आकडा मात्र पाठ असावा: ३५.५ च्या खाली गेलं की थांबायचं नाही, दवाखाना.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, जानेवारीची पहाट आहे. बाळ पाच दिवसांचं, २.१ किलोचं, पूर्ण दिवसांचं. आईला वाटतं ते नेहमीपेक्षा मंद आहे. पोट कोमट लागतं, पाय बर्फासारखे. थर्मामीटर ३६.१ दाखवतो.

बाळाचे कपडे काढा, पण लंगोट, टोपरं आणि मोजे राहू द्या. लंगोट ओला असेल तर आधी बदला. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा झंपर सैल करून बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरावं, त्वचेला त्वचा. बाळाचं डोकं एका कुशीला वळवून किंचित वर उचललेलं, म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. मांड्या फाकवून गुडघे वाकलेले, बेडकासारखे. ओढणीची किंवा जुन्या लुगड्याची पट्टी दोघांभोवती बांधा. तिची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी आणि पोटावर ती सैल असावी, कारण नवजात बाळ पोटानेच श्वास घेतं. वरून गोधडी. आई पाठीला उशा लावून अर्धवट टेकलेली, सपाट झोपलेली नाही. हीच कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते, म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली.

आता पाजा. ओढत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत पिळून वाटी-चमच्याने द्या. आईच्या छातीची उष्णता बाहेरून मिळते आहे आणि दुधातली साखर व चरबी आतून, त्यामुळे तपकिरी चरबीवरचा भार दोन्हींकडून कमी होतो. दर तासाला थोडं थोडं पाजत राहा.

एका तासाने पुन्हा तापमान घ्या. साधारण अर्धा अंश वाढ अपेक्षित असते, म्हणजे इथे ३६.६ च्या आसपास. पायही उबदार व्हायला हवेत. तसं झालं तर छातीवरच ठेवा आणि पुढेही दिवसातला जास्तीत जास्त वेळ तसंच ठेवा. कमी वजनाच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास सांगते. एका बैठकीत तासाभरापेक्षा कमी नको, कारण वारंवार काढ-घाल केली तर बाळ पुन्हा गारठतं. आईने जेवायचं, न्हायचं, झोपायचं तेव्हा बाबा, आजी, मावशी यांची छाती तितकीच उपयोगी पडते.

समजा, तासाने आकडा ३६.१ च राहिला किंवा उतरला. ऊब मिळते आहे, दूध मिळतंय आणि तरी तापमान चढत नाही, तर कारण फक्त थंडी नाही. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला ताप येण्याऐवजी अंग गार पडणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. मग वाट पाहू नका, निघा.

ऊब देताना होणाऱ्या चुका

गरम पाण्याची रबरी पिशवी, बाटली किंवा तापवलेली वीट बाळाजवळ ठेवू नका. गारठलेल्या बाळाच्या त्वचेत रक्त कमी फिरतं, त्यामुळे उष्णता तिथून वाहून नेली जात नाही आणि मोठ्या माणसाला नुसत्या गरम लागणाऱ्या पिशवीनेही बाळ भाजतं. शेक-शेगडीची निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवली तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो आणि ऑक्सिजनविना तपकिरी चरबी विझते. बाळाला ऊब द्यायला ठेवलेली शेगडी त्याची स्वतःची ऊबच बंद पाडते. धुरीचंही तेच. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून द्या.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. मार्चच्या उन्हात तीन थर आणि वर गोधडी घातली की बाळ तापतं, लालसर होतं, चिडचिड करतं, श्वास जलद होतो. आकडा ३७.५ च्या वर गेला तर एक थर काढा, उन्हातून किंवा हीटरजवळून हलवा, पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तरी उतरला नाही तर दवाखाना. ३८ असेल तर अर्धा तासही थांबू नका. गार पाण्याने पुसायचं नाही आणि स्वतःच्या मनाने तापाचं औषधही द्यायचं नाही.

दवाखान्यात नेताना

तापमान ३५.५ च्या खाली, तासभर छातीवर ठेवूनही न चढणारं, दूध ओढणं बंद, हालचाल मंद, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, अंग निळसर किंवा झटके: यांतलं एकही असेल तर १०८ ला फोन करा आणि जिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथे न्या.

वाटेत बाळाला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतात, आणि नेमका प्रवासातच त्याचा अंश-दीड अंश उतरतो. तसं न करता बाळ वर सांगितलं तसं आईच्या किंवा बाबांच्या छातीवरच बांधून न्या, गाडीच्या काचा बंद, एसी बंद. पिऊ शकत असेल तर निघण्यापूर्वी आणि वाटेतही पाजा. सुस्त असेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका. पोचल्यावर तीन गोष्टी सांगा: शेवटचं तापमान किती आणि किती वाजता घेतलं, छातीवर किती वेळ ठेवलं, शेवटचं दूध कधी आणि किती प्यायलं. त्यावरून डॉक्टरांना लगेच ठरवता येतं, की आधी साखर तपासायची, ऑक्सिजन द्यायचा की संसर्गाच्या दिशेने बघायचं.